तिसरीच्या वर्गासाठी दडपण न आणणारी साप्ताहिक श्रुतलेखन चाचणी

प्रश्न : मी तिसरीला मराठी शिकवते. दर आठवड्याला दहा शब्दांचे श्रुतलेखन घेते. तीच चार मुले दरवेळी दहापैकी दहा मिळवतात, काहींचे गुण वर्षभर तीन-चारवरच अडकतात आणि चाचणीच्या दिवशी ती रडवेली होतात. मुलांना भीती वाटणार नाही, त्यांच्या मेहनतीला दाद मिळेल आणि प्रगतीही दिसेल, अशी चाचणी कशी आखावी?

उत्तर :

तुमच्या मुलांची प्रगती होतही असेल, परंतु सध्याच्या चाचणीत ती दिसण्याची सोयच नाही. याची कारणे दोन आहेत. पहिले असे, की शब्द एक तर पूर्ण बरोबर धरला जातो किंवा पूर्ण चूक. त्यामुळे ‘पुस्तक’ऐवजी ‘पूस्तक’ लिहिणारे मूल आणि ‘पुक’ लिहिणारे मूल या दोघांनाही शून्यच मिळते. दुसरे असे, की दर आठवड्याला शब्द बदलतात आणि वर्ष पुढे सरकते तसे ते कठीणही होत जातात. ज्या मुलाला जूनमध्ये सोप्या शब्दांत चार गुण मिळाले आणि डिसेंबरमध्ये कठीण शब्दांतही चारच मिळाले, ते मूल बरेच पुढे गेलेले असते. मात्र वहीत त्याला दोन्हीकडे तोच आकडा दिसतो. म्हणून माझा सल्ला असा आहे, की शब्दांची संख्या दहाच ठेवा. पण एकच यादी आठवड्यात दोनदा लिहायला द्या, शब्दांऐवजी अक्षरे मोजा आणि दर यादीत काही जुने शब्द परत आणा. बाकीची सगळी आखणी या तीन बदलांतून निघते.

यादीपासून सुरुवात करू. पाठाखाली दिलेले ‘कठीण शब्द’ जसेच्या तसे घेणे सोयीचे असते, परंतु त्यात एक शब्द रफाराचा, एक जोडाक्षराचा, एक तत्सम आणि एक केवळ लांबलचक असा मेळ पडतो. अशा यादीतून मुलाला पाठांतराखेरीज काही करता येत नाही आणि पाठ केलेले दहा शब्द पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नाहीत. त्याऐवजी दहापैकी पाच शब्द लेखनाच्या एकाच घडणीचे घ्यावेत, तीन शब्द मागील आठवड्यांतून परत आणावेत आणि उरलेले दोन शब्द प्रत्येक मुलाचे स्वतःचे असावेत. हे स्वतःचे शब्द मुलाने आपल्याच वहीतून, म्हणजे निबंधात किंवा प्रश्नोत्तरांत त्याच्या हातून चुकलेल्या शब्दांतून उचलायचे असतात. सुरुवातीला मुले सोपे शब्द निवडतात, म्हणून पहिले काही आठवडे तुम्हीच वही तपासताना दोन शब्दांखाली रेघ मारून द्यावी.

घडण निवडताना मराठी लेखनाच्या नियमांचा खरा उपयोग होतो. मराठी साहित्य महामंडळाच्या शासनमान्य नियमांनुसार मराठी शब्दाच्या शेवटच्या अक्षरात इकार किंवा उकार असेल तर तो दीर्घ लिहितात : पाणी, वाटी, लाडू, चाकू. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरातील इकार-उकार दीर्घ असतो : दूध, मीठ, फूल, गरीब. त्याच शब्दाला प्रत्यय लागला, की तो दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो : दुधात, मिठाने, फुलाला, गरिबाला. तिसरीच्या मुलांना नियमाची भाषा शिकवू नये, कारण ‘उपांत्य’ आणि ‘सामान्यरूप’ हे शब्द त्यांच्यासाठी शुद्धलेखनापेक्षाही कठीण आहेत. मात्र हा फरक त्यांना कानाने कळतो. ‘दूध’ म्हणताना शेवटच्या ‘ध’मधील अ उच्चारला जात नाही आणि ‘दू’ लांबतो. ‘दुधात’ म्हणताना भार पुढे सरकतो आणि ‘दु’ आखडतो. दोन्ही शब्द सावकाश म्हणून घेतले, तर बहुतेक मुलांना कोठे थांबावे लागते आणि कोठे नाही हे सांगता येते. म्हणून मी ही घडण जोड्यांनी देण्याचा आग्रह धरतो : ‘दूध’ आणि ‘दुधात’ एकाच यादीत हवेत, वेगवेगळ्या आठवड्यांत नकोत.

येथे एक काळजी घ्यावी. तत्सम शब्दांना वरील दुसरा नियम लागू होत नाही, म्हणून ‘गुण’, ‘विष’, ‘मंदिर’, ‘मधुर’ यांतील इकार-उकार ऱ्हस्व राहतात. ज्या आठवड्यात मुले ‘दूध, मीठ, फूल’ शिकत असतात, त्याच आठवड्यात ‘गुण’ यादीत आला, तर नियम नीट समजलेले मूलच ‘गूण’ लिहून चुकते आणि ज्याला काहीच कळलेले नाही त्याचे बरोबर येते. असे शब्द निदान तीन-चार आठवड्यांनी, वेगळ्या यादीत आणावेत.

आता आठवड्याचा क्रम पाहू. सोमवारी यादी अगोदर न दाखवता, न शिकवता लिहून घ्यावी. याला मी चाचणी न म्हणता ‘पहिला लेख’ म्हणतो आणि मुलांना स्पष्ट सांगतो, की यात चुका व्हायलाच हव्यात, कारण सगळे बरोबर आले तर या आठवड्यात शिकण्यासारखे काही उरत नाही. सर्वांचे सामाईक आठ शब्द शिक्षकाने सांगावेत. स्वतःचे दोन शब्द प्रत्येकाचे वेगळे असल्यामुळे ते शिक्षकाला सांगता येत नाहीत. त्यासाठी मुलांनी आपले दोन शब्द चिठ्ठीवर लिहून शेजारच्या मुलाला द्यावेत आणि जोडीदाराने ते वाचून सांगावेत. चिठ्ठीवरील शब्द बरोबर लिहिलेले आहेत ना, हे मात्र तुम्ही अगोदर एकदा पाहून घ्या.

शब्द सांगण्याची पद्धत ठरलेली असावी. शब्द एकदा म्हणावा, नंतर तो एका छोट्या वाक्यात घालून म्हणावा, पुन्हा एकदा नुसता म्हणावा आणि मुलांना साधारण पंधरा ते वीस सेकंद द्यावेत. वाक्याची गरज यासाठी असते, की नुसता ‘फुलाला’ ऐकणाऱ्या मुलाला तो शब्द ‘फूल’चाच आहे हे कळायला हवे. उच्चार नेहमीसारखा ठेवावा. अनेक शिक्षक प्रेमापोटी ‘दूऽऽध’ असे ताणून म्हणतात किंवा ‘पाणी’मधील ‘णी’वर मुद्दाम जोर देतात; त्यामुळे त्या दिवशीचे गुण वाढतात, परंतु मूल शब्दाकडे लक्ष देण्याऐवजी शिक्षकाच्या सुराकडे लक्ष देऊ लागते आणि स्वतः लिहिताना, जेथे कोणीच सूर देत नसते, तेथे पुन्हा चुकते. ज्या मुलांच्या घरच्या बोलीत ‘पानी’ म्हणतात, त्यांच्यासाठी ‘न’ लिहिणे हा निष्काळजीपणा नसतो. त्यांनी ऐकले तेच प्रामाणिकपणे लिहिलेले असते. असे शब्द कानाने सुटत नाहीत, ते डोळ्यांनी पाहून आणि हाताने लिहूनच पक्के होतात; म्हणून ते त्या मुलांच्या स्वतःच्या शब्दांत ठेवावेत.

पहिला लेख संपताच, त्याच तासात, दुरुस्ती व्हावी, आणि ती मुलानेच करावी. तुम्ही फळ्यावर एकेक शब्द लिहा, अक्षरे सुटी करून म्हणा, आणि मुलाने आपला शब्द अक्षरागणिक ताडून पाहत चुकलेल्या अक्षराभोवती रंगीत पेन्सिलीने गोल करावा व शेजारी पूर्ण शब्द पुन्हा लिहावा. अमेरिकेतील थॉमस हॉर्न यांनी १९४७ साली शुद्धलेखनाच्या चाचण्यांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले होते, की मुलांनी शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली स्वतःची चाचणी स्वतः दुरुस्त करणे हाच शिकण्याचा सर्वांत मोठा भाग असतो. माझाही अनुभव हेच सांगतो. शिक्षकाने घरी नेऊन लाल शाईने तपासलेली वही दोन दिवसांनी परत मिळते, तोवर मुलाने तो शब्द कोणत्या विचाराने लिहिला होता हे त्याला आठवत नसते. वह्यांची अदलाबदल करून एकमेकांच्या वह्या तपासून घेण्याची पद्धतही येथे टाळावी, कारण ज्याच्या चुका अधिक आहेत त्याला आपले पान दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते आणि तुमच्या प्रश्नातील रडवेपणा बऱ्याच अंशी तेथूनच येतो.

मंगळवार ते गुरुवार रोज दहा मिनिटे पुरतात. एक दिवस पाच नव्या शब्दांची दोन रकान्यांत विभागणी करून घ्यावी, म्हणजे ‘दूध, मीठ’ एकीकडे आणि ‘दुधात, मिठाने, फुलाला’ दुसरीकडे. मुलांनी दोन्ही रकान्यांत आपल्या मनाने आणखी एकेक शब्द घालावा. उरलेल्या दोन दिवशी शब्द पाहायचा, झाकायचा, आठवून लिहायचा आणि ताडून पाहायचा. एकच शब्द दहा वेळा उतरवून काढायला सांगू नये. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून मूल शब्द लिहीत नसून वरची ओळ उतरवत असते, आणि पहिलीच ओळ चुकली असेल तर तीच चूक दहा वेळा घोटली जाते.

शुक्रवारी तेच दहा शब्द, क्रम बदलून, पुन्हा सांगावेत. त्यानंतर मुलाने यादीतील कोणताही एक शब्द घेऊन स्वतःचे एक वाक्य लिहावे. या वाक्यात फक्त तो एक शब्द पाहायचा. बाकीच्या चुकांवर त्या दिवशी खूण करू नये. चाचणीची सगळी वेळ पंधरा मिनिटांच्या आत बसली पाहिजे.

गुण देताना अक्षर हे एकक धरावे. शब्दापेक्षा लहान एकक मोजण्याची कल्पना नवी नाही. मिनेसोटा विद्यापीठात स्टॅन्ली डेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजीसाठी लागोपाठच्या अक्षरांच्या बरोबर जोड्या मोजण्याची पद्धत वापरली होती. मराठीत ते अधिक सोपे आहे, कारण आपली अक्षरे स्वरचिन्हांसह सुटी दिसतात. ‘पुस्तक’मध्ये ‘पु’, ‘स्त’ आणि ‘क’ ही तीन अक्षरे आहेत. जोडाक्षर एकच मोजायचे. अक्षर स्वरचिन्हासकट बरोबर असेल तर एक गुण, नाहीतर शून्य. मुलाने ‘पुसतक’ लिहिले, तर ‘स्त’चा गुण जातो, अक्षर वाढले म्हणून आणखी काही कापायचे नाही. हा नियम अगदी सरळ ठेवल्यास आठ-नऊ वर्षांची मुलेही स्वतः मोजू शकतात.

एका मुलीचे उदाहरण घेऊन हे पूर्ण करून दाखवतो. समजा यादीतील पाच नवे शब्द ‘दूध, दुधात, मीठ, मिठाने, फुलाला’ असे आहेत, जुने तीन ‘पुस्तक, सूर्य, प्रवास’ आणि तिचे स्वतःचे दोन ‘पाणी, शाळेत’. अक्षरे मोजली तर नव्या शब्दांची तेरा, जुन्यांची आठ आणि स्वतःच्या शब्दांची पाच, अशी एकूण सव्वीस होतात. सोमवारी तिने ‘दुध, दुधात, मिठ, मीठाने, फुलाला, पुस्तक, सुर्य, प्रवास, पानी, शाळेत’ असे लिहिले. जुन्या पद्धतीने तिला दहापैकी पाच गुण मिळाले असते. अक्षरांच्या हिशेबाने पाच अक्षरे चुकली, म्हणजे सव्वीसपैकी एकवीस बरोबर आली. हा आकडा केवळ मोठा दिसतो म्हणून चांगला नाही. तो अधिक खरा आहे, कारण या मुलीला प्रत्येक शब्दाचा सांगाडा येतो, जोडाक्षरे येतात, आणि तिच्या पाचपैकी चार चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या व एक ण-नची आहे, हे त्यातून लगेच वाचता येते.

शुक्रवारी तिने ‘दूध, दुधात, मीठ, मीठाने, फूलाला’ लिहिले आणि उरलेले पाचही शब्द बरोबर लिहिले. आता दहापैकी आठ शब्द आणि सव्वीसपैकी चोवीस अक्षरे बरोबर आहेत. येथे ‘फूलाला’कडे नीट पाहावे. सोमवारी हाच शब्द तिने बरोबर लिहिला होता आणि चार दिवस शिकल्यावर तो चुकला. पालक किंवा घाईतला शिक्षक म्हणेल, की ही मागे गेली. प्रत्यक्षात सोमवारी ती ‘मीठाने’ सोडता बहुधा सगळीकडेच ऱ्हस्व लिहीत होती, म्हणून ‘फुलाला’ आपोआप बरोबर आला आणि ‘दुध’ व ‘मिठ’ चुकले. शुक्रवारी तिला ‘दूध, मीठ, फूल’ यांतील दीर्घ कळला आहे आणि तो ती प्रत्ययापुढेही नेत आहे. नियम अर्धा पचल्याची ही खूण आहे. अशा मुलीच्या वहीत मी ‘फूल, फुलाला’ ही जोडी पुढच्या आठवड्याच्या स्वतःच्या शब्दांत लिहून देतो आणि शेजारी एवढेच लिहितो : ‘फूल बरोबर ओळखलेस. आता ला लागल्यावर म्हणून पाहा.’ वर्गातील बऱ्याच मुलांची अशी चूक दिसली, तर तीच घडण आणखी एक आठवडा चालवावी. पाठ्यक्रम मागे पडेल या भीतीने पुढे जाऊ नये.

आकड्याची मर्यादाही येथेच सांगतो. ‘पूस्तक’ लिहिणाऱ्याला तीनपैकी दोन मिळतात आणि ‘पुतक’ लिहिणाऱ्यालाही दोनच मिळतात, पण या दोन चुका एका जातीच्या नाहीत. पहिल्याला ऱ्हस्व-दीर्घाची सवय हवी आहे. दुसऱ्याला ‘स्त’मधील ‘स्’ ऐकूच येत नाही किंवा लिहिताना तो गळतो. म्हणून आकड्याशेजारी चुकीच्या जातीचे एक अक्षर लिहून ठेवावे : स्वराच्या लांबीसाठी ‘ल’, जोडाक्षर व रफारासाठी ‘ज’, ण-न, श-ष, ळ-ल अशा गल्लतीसाठी ‘ग’, आणि अक्षर किंवा मात्रा सुटण्यासाठी ‘स’. यापेक्षा अधिक प्रकार करू नयेत, कारण मग ते दर आठवड्याला लिहिणे होत नाही.

मेहनतीची दाद ही या गुणांत मिसळू नये. ‘प्रयत्न केला म्हणून दोन गुण वाढवले’ असे केले, की मुलाला आपले कोणते अक्षर बरोबर आले आणि कोणते दयेने मिळाले हे कळत नाही, आणि मुले दया फार लवकर ओळखतात. मेहनतीची नोंद वेगळ्या रकान्यात, वेगळ्या खुणेने करावी, आणि ती फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या कामाची असावी. मी अशी दोनच कामे मोजतो. पहिले, सोमवारची दुरुस्ती पूर्ण आहे का : चुकलेल्या प्रत्येक अक्षराला गोल आहे आणि शेजारी पूर्ण शब्द लिहिलेला आहे, तर एक खूण. येथे दुरुस्त केलेल्या शब्दांची संख्या मोजू नये. संख्या मोजली, तर काही मुले अधिक दुरुस्त्या मिळाव्यात म्हणून सोमवारी मुद्दाम चुकू लागतात. दुरुस्ती पूर्ण की अपूर्ण एवढेच पाहिले, तर दोन चुका असलेल्या आणि बारा चुका असलेल्या मुलाला एकच खूण मिळते, आणि बारा चुका नीट दुरुस्त करणाऱ्याला पहिल्यांदाच इतरांच्या बरोबरीचे काही मिळते.

दुसरे काम म्हणजे शंकेचे टिंब. शुक्रवारी लिहिताना ज्या अक्षराबद्दल मुलाला खात्री नसेल, त्याच्या खाली त्याने पेन्सिलीने एक टिंब द्यावे. सबंध चाचणीत जास्तीत जास्त तीन. अक्षर खरोखरच चुकले असेल आणि त्याखाली टिंब असेल, तर अक्षराचा गुण जातो, पण शंकेची खूण मिळते. याने दोन गोष्टी साधतात. मुलाला चूक लपवण्याऐवजी ती कोठे असू शकेल हे शोधण्याचे बक्षीस मिळते, आणि शिक्षकाला कळते, की ‘मीठाने’खाली टिंब देणारी मुलगी उत्तराच्या उंबरठ्यावर आहे, तर टिंब न देणाऱ्या मुलाला अजून प्रश्नच पडलेला नाही. तीन टिंबांची मर्यादा आवश्यक आहे, नाहीतर धास्तावलेले मूल प्रत्येक अक्षराखाली टिंब देते. तीन टिंबेही नेहमी पहिल्या तीन शब्दांतच पडत असतील, तर मुलाला पद्धत समजलेली नाही असे मानून त्याच्याबरोबर बसून एकदा करून दाखवावे.

प्रगती दाखवण्यासाठी वहीच्या शेवटी दोन पाने राखून ठेवावीत. एका पानावर ‘जमलेले शब्द’ लिहावेत : जो शब्द आधी चुकला होता आणि नंतर निदान दोन वेगवेगळ्या आठवड्यांत बरोबर आला, तोच या पानावर जातो. जुने तीन शब्द दर आठवड्याला परत आणण्याचे कारण हेच आहे. हे तीन शब्द निवडताना एक मागच्या आठवड्यातील, एक साधारण तीन आठवड्यांपूर्वीचा आणि एक त्याहूनही जुना घ्यावा, कारण चार दिवसांपूर्वी शिकलेला शब्द आठवणे आणि दीड महिन्यानंतर आठवणे यांत फार अंतर असते. पानावर गेलेला शब्द पुढे कधी चुकला, तर तो खोडू नये. तो मुलाच्या स्वतःच्या शब्दांत पुन्हा घ्यावा. या पानावर मागे जाण्याची वाट नसल्यामुळे सर्वांत कच्च्या मुलाचेही पान वर्षभर वाढतच राहते.

दुसरे पान मोजपट्टीचे आहे. वर्षाच्या सुरुवातीला वीस शब्दांची एक स्थिर यादी तयार करावी, ज्यात वर्षभरात शिकवायच्या प्रत्येक घडणीचे चार-चार शब्द असतील : शेवटचा दीर्घ, दूध-दुधात यांसारख्या जोड्या, साधी जोडाक्षरे, ‘सूर्य, चक्र, ट्रक, दोऱ्या’ यांसारख्या शब्दांतील रकाराचे चार प्रकार, आणि ण-न, ळ-ल यांसारखी गल्लत. हीच यादी वर्षाच्या सुरुवातीला, सहामाहीला आणि शेवटी अशी तीनदाच घ्यावी, आणि हे नेमके वीस शब्द साप्ताहिक यादीत कधीही आणू नयेत. त्या घडणींचे दुसरे शब्द शिकवावेत. असे केले तरच वाढलेले गुण पाठांतराचे नसून घडण समजल्याचे आहेत असे म्हणता येते. साप्ताहिक आकडे आठवड्यापुरते वाचावेत, सोमवार आणि शुक्रवार यांची तुलना करण्यासाठी. वर्षाची प्रगती या मोजपट्टीवरच वाचावी.

तुमच्या त्या चार मुलांचा विचारही करायला हवा, कारण दहापैकी दहा मिळवणारे मूल वर्षभर काहीच नवे शिकत नसण्याची शक्यता असते, आणि पहिली चूक होताच सर्वांत अधिक घाबरते तेही तेच. सोमवारी ज्याची सगळी किंवा एखादेच सोडून सगळी अक्षरे बरोबर येतात, त्याच्या यादीत पाच नव्या शब्दांऐवजी दोनच ठेवावेत आणि स्वतःच्या शब्दांची संख्या पाचपर्यंत न्यावी. ते शब्द त्याने अवांतर वाचनातून, न पाहता लिहिता न येणारे असे शोधून आणावेत. याउलट, ज्या मुलाची सोमवारी निम्म्याहून कमी अक्षरे बरोबर येतात, त्याची यादी सहा शब्दांची करावी : तीन नवे, दोन जुने, एक स्वतःचा. सगळ्यांचे आकडे वेगवेगळ्या एकूण अक्षरांतून आलेले असल्यामुळे शेजाऱ्याशी तुलना करणे आपोआप अवघड होते, आणि ते चांगलेच आहे. गुण मोठ्याने वाचून दाखवू नयेत, भिंतीवर तक्ता लावू नये, वही पालथी घालून परत द्यावी.

काही मुलांच्या बाबतीत मात्र ही चाचणी पुरी पडत नाही, आणि ते वेळीच ओळखता आले पाहिजे. एखाद्या मुलाच्या नोंदीत आठवड्यामागून आठवडे ‘ल’ किंवा ‘ग’ नसून ‘स’च दिसत असेल, म्हणजे अक्षरे गळत असतील, मात्रा भलत्याच अक्षरावर जात असेल, सहा शब्दांच्या यादीतही सोमवार-शुक्रवार यांत फरक पडत नसेल आणि वाचनही अडखळत असेल, तर अडचण शुद्धलेखनाची नसून ध्वनी आणि अक्षर यांची सांगड बसण्याची आहे. त्या मुलाला ‘दूध-दुधात’ची यादी देणे थांबवावे, तोंडी शब्दातील ध्वनी सुटे करण्यापासून आणि साध्या बाराखडीच्या शब्दांपासून काम सुरू करावे, नजर व ऐकणे तपासून घेण्याविषयी पालकांशी बोलावे, आणि दोन-तीन महिन्यांत फरक दिसला नाही तर विशेष शिक्षकाचा सल्ला घ्यावा. तोवर शुक्रवारी ते मूल वर्गाबरोबरच बसेल, त्याच्या यादीचे शब्द तुम्ही त्याला जवळ जाऊन सांगाल, आणि दुरुस्तीची खूण त्यालाही तशीच मिळेल.

पालकांना महिन्यातून एकदा तीन ओळींची चिठ्ठी पाठवावी आणि तीत एकूण गुण न देता नेमके काय जमले ते लिहावे, उदाहरणार्थ : ‘या महिन्यात दूध, मीठ, फूल यांतील दीर्घ जमला. प्रत्यय लागल्यावर तो ऱ्हस्व होतो, हे अजून चालू आहे. घरी सराव करायचा असल्यास शब्द आपल्या नेहमीच्या बोलण्यासारखाच सांगावा आणि चुकलेले अक्षर मुलीलाच शोधू द्यावे.’ पहिले दोन आठवडे कोणतीही नोंद न करता केवळ पद्धतीचा सराव म्हणून घ्या. गोल करणे, टिंब देणे, अक्षरे मोजणे हे मुलांच्या हातात बसायला तेवढा वेळ लागतो, आणि त्याआधी लिहिलेले आकडे मुलांच्या लेखनाविषयी नव्हे, तर सूचना किती समजल्या याविषयी सांगतात.